पाहुण्यांच्या हिशेबानं ग्राइंडर घेऊ नका

«आमच्या घरात पाच माणसं. आठवड्यातून एकदा इडली आणि उरलेल्या पिठाचे डोसे ठरलेले. मिक्सरमध्ये डाळ वाटताना भांडं तापतं, इडली कधी हलकी होते, कधी दडस. वेट ग्राइंडर घ्यायचं नक्की केलंय. जाऊबाई म्हणतात, तीन लिटरचा, भांडं कलवता येणारा टिल्टिंगच घे, गणपतीत पंधरा-वीस माणसं जमतात. मुलगा ऑनलाइन दीड लिटरचा, चार दगडांचा, स्वस्तातला दाखवतो. दुकानदार म्हणतो, शंकूच्या आकाराचे दगड असतील तरच घ्या. दगड झिजून पिठात कच येते असंही ऐकलंय. आमच्या तालुक्याला एकाही कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. सासूबाईंना वाटण-घाटण स्वतः करायला आवडतं, पण त्यांची कंबर दुखते. काय घेऊ?»
— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

माझं मत आधी सांगते. तुमच्या घराला दोन लिटरचा, ओट्यावर बसणारा, दोन गोल दगडांचा साधा ग्राइंडर पुरेल. पण मी म्हणते म्हणून घेऊ नका. हे मत कशावरून बनलं ते वाचा आणि तुमच्या स्वयंपाकघराशी ताडून बघा.

सुरुवात मिक्सरपासून करू, कारण इडली दडस होण्याचा सगळा दोष त्याच्यावर जाणं बरोबर नाही. मिक्सरचं पातं मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. डाळ कापली जाते, पण घर्षणानं पीठ गरम होतं. ते हाताला चांगलंच कोमट लागू लागलं की आंबण्याचं काम मंदावतं. ग्राइंडरचं भांडं मिनिटाला शंभर-दीडशे फेरेच घेतं. दगडाखाली डाळ चिरडली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा खाली जाते आणि प्रत्येक फेरीत थोडी हवा आत घेते. म्हणून एक वाटी उडीद ग्राइंडरमध्ये अर्धा तास वाटल्यावर लोण्यासारखे फुगतात. त्यातला एक थेंब वाटीभर पाण्यात टाकला तर तो तरंगतो. मात्र डाळ जुनी, पिवळट पडलेली असेल तर ग्राइंडरही तिला फुगवू शकत नाही. तेव्हा आधी एका रविवारी ताजी उडीद डाळ आणून, फ्रीजचं गार पाणी घालून, मिक्सर मध्ये मध्ये थांबवत वाटून बघा. इडली बरीच सुधारली तर घाई करायचं कारण नाही. फरक पडला नाही, तर दर आठवड्याला पीठ करणाऱ्या पाच जणांच्या घरात ग्राइंडर घेणं योग्यच आहे.

आता लिटरचं. दीड, दोन, तीन हे आकडे किती माणसं जेवतील ते सांगत नाहीत, आणि कोरडं धान्य किती मावेल तेही नाही. ते भांड्याचं किंवा ओल्या पिठाचं माप असतं. त्यातली बरीच जागा दगड खातात, शिवाय भांडं काठोकाठ भरलं तर पीठ झाकणाला उडतं. दुकानात म्हणूनच एकच प्रश्न विचारा: यात एका वेळी कोरडे तांदूळ किती ग्रॅम वाटता येतात, आणि कमीत कमी किती घालावे लागतात? दोन्ही आकडे बहुतेक वेळा सोबतच्या पुस्तिकेत असतात.

तुमच्या घराचा हिशेब करून बघू. पाच जणांना सकाळी इडली आणि दुसऱ्या दिवशी डोसे एवढं पीठ हवं असेल, तर तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद भिजवावे लागतील. वाटी दोनशे मिलीची धरली तर साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ आणि पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम डाळ. यातून साधारण 45 ते 50 इडल्यांचं पीठ होतं. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटायचे. आधी डाळ, कारण तिला भांडं स्वच्छ लागतं. वाटीभर डाळ दीड-दोन वाट्या पाणी पिऊन लिटरभराच्या आसपास फुगते. ती काढून तांदूळ घातले की त्यांचंही लिटरभर होतं. म्हणजे कोणत्याही एका वेळी भांड्यात लिटरभरच माल असतो. दोन लिटरच्या भांड्यात तो मोकळेपणानं फिरतो. दीड लिटरच्यात फिरेल, पण तांदळाच्या वेळी काठापर्यंत येईल आणि तुम्हाला चमचा घेऊन जवळ उभं राहावं लागेल.

तीन लिटरच्यात का नको? त्यात एक वाटी डाळ घातली तर ती तळाला आणि कडेला पसरून जाते. दगडाखाली पुरेसा थर राहत नाही, कडेचं पीठ पट्टीनं सारखं खाली ढकलावं लागतं आणि डाळ हवी तशी फुगत नाही. भांडं मोठं असलं की लहान घाणा त्यात नीट होत नाही. वर्षातला एक आठवडा सोयीचा व्हावा म्हणून उरलेले एक्कावन्न आठवडे डाळ खाली ढकलत बसायचं, हे मला पटत नाही. गणपतीत वीस माणसं आली तर दोन घाणे काढा. डाळीला पंचवीस-तीस मिनिटं आणि तांदळाला वीस-पंचवीस, म्हणजे एक घाणा तासाभराच्या आत होतो. संध्याकाळी पाचला बसलात तर सातपर्यंत दोन्ही होतात. विजेची काळजी करू नका. घरगुती ग्राइंडरची मोटर साधारण 150 वॅटची असते, त्यामुळे एका घाण्याला युनिटचा सहावा भागही लागत नाही.

इतरांसाठी एवढंच सांगते. घरात दोन माणसं असतील आणि एका वेळी दीड वाटीच तांदूळ भिजवत असाल तर सव्वा लिटरचा बघा. एकत्र कुटुंब असेल, रोज घावन-आंबोळी होत असेल किंवा डब्यांचा व्यवसाय असेल, तर तीन लिटरचा टिल्टिंग शोभतो. परदेशी मुलीकडे नेणार असाल तर अमेरिकेसाठी 110 व्होल्टचंच मॉडेल मागा. ट्रान्सफॉर्मर लावून इथला चालवला तरी तिथली वीज 60 हर्ट्झची असल्यानं मोटर ठरल्यापेक्षा जोरात फिरते.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे सासूबाईंची कंबर. दोन लिटरचा ओट्यावरचा ग्राइंडर सगळा मिळून दहा-बारा किलोचा भरतो. त्यातलं निम्म्याच्या आसपास वजन भांडं, त्याच्या तळाचा दगड आणि वरचे दगड यांचं असतं. पीठ काढण्यासाठी आणि धुण्यासाठी ते भांडं उचलायचं असतं, आणि आत पीठ असेल तर आणखी किलोभर वजन वाढतं. म्हणून खरेदीला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या. दुकानदाराला भांडं काढून द्यायला सांगा आणि ते रिकामं उचलून दोन पावलं चालून बघायला सांगा. जमत नसेल तरी ग्राइंडर बाद होत नाही, कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी वरचे दगड काढून ताटात ठेवायचे, मग वाटीनं पीठ पातेल्यात काढायचं, मग भांड्यात तांब्याभर पाणी घालून दगड परत बसवून दोन मिनिटं फिरवायचं. ते पाणी पिठातच वापरा, आंबवायला ते चालतं. एवढं केल्यावर भांडं हलकंही होतं आणि बरंचसं स्वच्छही. टिल्टिंगमध्ये उचलणं टळतं, कारण भांडं जागेवरच कलतं. पण ते निघत नसल्यामुळे धुणंही तिथंच, कपड्यानं आणि तांब्यानं करावं लागतं. शिवाय त्याला जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर कायमची जागा लागते, आणि कंबर दुखणाऱ्या माणसाला वाकायला लावणारी जागा काय कामाची?

आता दगड. यावर दुकानात सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं.

भांड्याच्या तळाचा दगड फिरतो आणि वरचे दगड आपल्या दांड्यावर एका जागी लोळतात. तळाच्या दगडाचा बाहेरचा भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो, आतला कमी. वरचा दगड सरळ नळीसारखा असेल तर तो दोन्हीकडे सारख्याच वेगानं लोळतो, त्यामुळे कुठेतरी घासतो. शंकूसारखा असेल तर बाहेरची जाड बाजू जास्त अंतर कापते आणि घासणं कमी होतं. म्हणजे शंकूच्या दगडामागचं गणित खरं आहे. पण पीठ बारीक व्हायला थोडं घासणंही लागतंच, आणि गोल दगडांवर कितीतरी घरांत वर्षानुवर्षं उत्तम इडली होते आहे. मी आकारावरून निवडणार नाही. जे दगड पुढे बदलून मिळणं सोपं, ते घेईन, आणि साधे गोल दगड सहज मिळतात. दगडांच्या संख्येनंही भुलू नका. वाटण्याचं काम दगडाच्या वजनानं आणि झाकणातल्या स्प्रिंगच्या दाबानं होतं. त्याच भांड्यात चार दगड बसवायचे तर प्रत्येक दगड लहान आणि हलका करावा लागतो. स्वस्त यंत्रात चार दगड दिसले तर प्रत्येक हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या.

दगड बसला कसा आहे, हे मात्र नक्की तपासा. भांड्यात दगड ठेवून वरच्या आणि तळाच्या दगडाच्या मधोमध मोबाइलचा टॉर्च मागून धरा. दोन्ही जिथे टेकतात तिथे प्रकाशाची रुंद फट दिसली तर दगड नीट घासलेला नाही. तिथून डाळ न वाटताच सटकेल आणि पिठात कण राहतील. मग दगड हातानं फिरवा. तो दांड्यावर सहज फिरावा, पण डगडगू नये. दगडाच्या आत नायलॉनची बुश असते, ती सैल असली तर दगड लडखडतो. तळाच्या दगडाचा आणि स्टीलच्या भांड्याचा जोड बोटानं चाचपा. तिथलं भरण गुळगुळीत आणि सलग हवं. खाच राहिली तर पीठ तिथं शिरून सडतं आणि कितीही धुतलं तरी आंबूस वास जात नाही. शेवटी ओला पांढरा रुमाल दगडावर दाबून घासा. राखाडी भुकटी थोडी येणारच, पण काळा रंग किंवा तेल लागलं तर दगड चांगला दिसावा म्हणून त्याला काहीतरी फासलंय. तो घेऊ नका.

कच येण्याचं तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही, पण ती कधी येते हे बघायला हवं. नव्या दगडावर टाकीचे ताजे घाव असतात. त्यांतली भुकटी पहिल्या एक-दोन घाण्यांत निघून जाते. नंतर ग्रॅनाइट इतका हळू झिजतो की दाताखाली काही येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा कच लागली, तर कोणीतरी ग्राइंडर रिकामा किंवा पाण्याशिवाय फिरवला असेल, नाहीतर बुश झिजून दगड भांड्याला घासत असेल. दुसऱ्या कारणाची खूण म्हणजे पिठात काळपट रेघा दिसतात आणि फिरताना ठक-ठक आवाज येतो. तसं झालं तर पीठ टाकून द्या आणि बुश बदला. दगड गुळगुळीत झाल्याची खूण वेगळी आहे. वीस मिनिटांत होणारे तांदूळ चाळीस मिनिटं घेऊ लागतात. तेव्हा जात्याला लावतात तशी टाकी तळाच्या दगडाला लावून घेता येते. वरचे लहान दगड मात्र जोडीनं बदलावेत. एकावर खोल आणि दुसऱ्यावर उथळ टाकी पडली तर ते सारखे टेकत नाहीत. घरच्या वापरात ही वेळ यायला बरीच वर्षं जातात.

सर्व्हिस सेंटर नाही म्हणून तुम्ही अडून बसला आहात, तिथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय. या यंत्रात बिघडतं काय? पट्टा, बुश, पीठ खरवडणारी पट्टी, कपॅसिटर आणि क्वचित मोटर. पट्टा सैल झाला की मोटरचा आवाज येतो पण भांडं अडखळतं, जळक्या रबराचा वास सुटतो आणि खाली काळी भुकटी पडते. कपॅसिटर गेला तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ही गुणगुण व्होल्टेज कमी असल्यावर किंवा डाळ घट्ट होऊन दगड अडकल्यावरही येते, म्हणून ती ऐकू आली की लगेच बंद करायचं. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. यातलं प्रत्येक काम तुमच्या तालुक्याच्या गावातला मोटर-वाइंडिंगवाला करू शकतो. जो शेतातल्या पंपाच्या आणि घरगुती गिरणीच्या मोटरी बांधतो, त्याला ही लहानशी इंडक्शन मोटर अवघड नाही. त्याला हवा असतो तो नेमका सुटा भाग.

म्हणून सर्व्हिस सेंटर कुठे आहे यापेक्षा सुटे भाग कुठे मिळतात, हे विचारा. ग्राइंडरचं माहेर कोइंबतूर. तिथे पी. सबापती यांनी 1955 मध्ये विजेवर चालणारा ग्राइंडर बनवला, शेजारच्या उथुकुळी भागातला दगड त्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि आज ‘कोइंबतूर वेट ग्राइंडर’ला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या जुन्या कंपन्यांची साधी मॉडेलं वर्षानुवर्षं फारशी बदलत नाहीत, त्यामुळे त्यांचे पट्टे आणि बुश मिळत राहतात. दिसायला देखणं, नवं, टचच्या बटणांचं मॉडेल दोन वर्षांत बंद झालं तर त्याचा भाग कुठून आणणार? टायमर आणि डिजिटल पट्टी मी सोडून देईन. खाली-वर करायचं एक बटण पुरे.

दुकानात खरेदी करतानाच एक जादा पट्टा आणि बुशची एक जोडी मागून घ्या. पट्ट्यावर छापलेला क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवा. वॉरंटीच्या कार्डावर तीन गोष्टी वाचा: मोटरला किती वर्षं, दगडांना आहे की नाही, आणि दुरुस्तीला माणूस घरी येणार की बारा किलोचं यंत्र तुम्ही साताऱ्याला न्यायचं. दगड, पट्टा आणि बुश यांना बहुतेक वेळा वॉरंटी नसते. मुलगा ऑनलाइन मागवणार असेल तर एक धोका त्याच्या लक्षात आणून द्या. दगड वाहतुकीत आपटून कोपरा उडतो, आणि बाहेरचा खोका मात्र नीट दिसतो. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण करा, दगड पाण्यानं ओला करून केसासारखी तडा-रेघ आहे का ते बघा. तडा असेल तर ओलं केल्यावर तिथं पाणी मुरून काळी रेघ उठून दिसते. दुकानातला हजारेक रुपये महाग पडला तरी समोर फिरवून बघता येतो, म्हणून मी तुमच्या जागी दुकानातूनच घेईन.

सासूबाईंच्या अपेक्षांबद्दलही बोलून घ्या. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याचं कूट, कोरडी चटणी हे या यंत्राचं काम नाही. दगडाला सतत पाणी लागतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण होतं, पण लसूण-मिरचीचा वास दगडात मुरतो आणि पुढच्या इडलीला लागतो. पुरणही यात नको. गुळानं चिकट झालेली डाळ दगडाला लपेटून बसते, पुरणयंत्रच बरं. कणीक मळायचं जोडभांडं सोबत देत असतील तर घ्या, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी इडलीचं पीठ घालू नका. भांडं आणि दगड साध्या पाण्यानं धुवा, मग मूठ-दोन मूठ भिजवलेले स्वस्तातले तांदूळ पाण्यासह दहा मिनिटं फिरवा आणि ते पीठ झाडाच्या बुंध्याशी टाका. पाणी राखाडी येईल. पुन्हा एकदा तसंच करा. पीठ पांढरं निघालं आणि बोटांत चोळल्यावर कच लागली नाही की यंत्र तयार झालं. पहिल्या खऱ्या घाण्याला भांडं चालू करून आधी अर्धी वाटी गार पाणी घाला, मग डाळ मूठमूठ सोडा. सगळी डाळ एकदम ओतून मग बटण दाबलं तर दगड अडकतात. पाणी चमचाचमचानं वाढवत न्या. तांदूळ अगदी लोण्यासारखे करू नका, इडलीसाठी बोटाला बारीक रव्याइतकं जाणवलं पाहिजे. आणि डाळ-तांदूळ एकत्र करून ठेवाल ते पातेलं किमान चार-पाच लिटरचं घ्या, नाहीतर सकाळी ओट्यावर पीठ उतू गेलेलं दिसेल.